१२ बाय १० च्या खोलीत डग्गा गायब: स्पीकर आणि खुर्ची नेमकी कुठे ठेवावी?

स्वरा_त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. घरीच भजनं आणि भावगीतं रेकॉर्ड करून मिक्स करते. खोली आतून १२ फूट लांब, १० फूट रुंद, स्लॅबपर्यंत उंची १० फूट. नऊ इंची विटांच्या भिंती, खाली टाइल्स. भिंतींवर काहीही लावलेलं नाही, आणि घर भाड्याचं असल्याने लावता येणारही नाही. पाच इंची वूफरचे पॉवर्ड मॉनिटर आहेत, पोर्ट पुढच्या बाजूला.

अडचण अशी आहे की खुर्चीत बसलं की डग्ग्याचा घुमारा जवळजवळ नाहीसा होतो. उठून दारात उभी राहिले की तोच डग्गा भरभरून ऐकू येतो. खुर्चीत बसून जे बरोबर वाटतं ते गाडीत लावलं की घुमघुम होतं, कारण मी मिक्समध्ये तो भाग वाढवलेला असतो.

नेमकं काय गायब होतंय ते बघायला सिंथेसायझरवर अगदी साधा, फुंकीसारखा आवाज लावून सगळ्यात खालच्या सप्तकातले सूर एकेक करून वाजवले. सफेद चारपर्यंत ठीक. काळी तीन आणि सफेद पाच जवळजवळ नाहीत. काळी चारपासून पुन्हा हळूहळू येतं.

सध्याची मांडणी: समोरच्या १० फुटी भिंतीपासून वूफर ३ फूट पुढे, कारण स्पीकर भिंतीपासून दूर ठेवा असंच सगळीकडे वाचलं होतं. दोन स्पीकरमध्ये ४ फूट, म्हणजे बाजूच्या भिंती दोन्हीकडे ३ फुटांवर. माझे कान मागच्या भिंतीपासून ३ फूट. यात काय हलवू?

नितीन_मनीषनगर

ताई, पाच इंची वूफरकडून डग्ग्याची अपेक्षाच जास्त आहे. आतला अ‍ॅम्प किती वॅटचा आहे? माझ्याकडेही बेस मिळत नव्हता, मोठा अ‍ॅम्प लावला आणि फरक पडला. उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं तेही बघा.

स्वरा_त्रिमूर्तीनगर

नितीनदादा, अ‍ॅम्प कमी पडत असता तर दारातही बेस आला नसता ना? आणि खालचे सा-रे नीट ऐकू येतात, मधलेच दीड-दोन सूर जातात.

वऱ्हाडी_बास

ताई, हे खोलीचं काम आहे, अ‍ॅम्पचं नाही. मागच्या भिंतीला कापसाची जाड गादी उभी करून टाका, आवाज परत येणारच नाही. तरी कमी वाटला तर इक्वलायझरमध्ये तेवढाच सूर ८-१० डीबी वर घ्या. मी तसंच करतो, मस्त चालते.

जुना_ध्वनिवाला

स्वरा, तू प्रश्न फार नीट मांडलास, त्यामुळे खोली न बघताही बरंच सांगता येतं. काळी तीन म्हणजे ९२-९३ हर्ट्झ, सफेद पाच म्हणजे ९८. खड्डा ९५ च्या आसपास आहे. आता तुझी मापं बघ.

वूफर खालचे सूर फक्त पुढे फेकत नाही, चारी बाजूंना फेकतो. जो आवाज मागे जातो तो समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. भिंत वूफरपासून ९१ सेंटीमीटर असेल तर परत आलेला आवाज १८२ सेंटीमीटर जास्त चालून आलेला असतो. ज्या सुराची अर्धी लांबी नेमकी तेवढी, त्याचा परतलेला आवाज थेट आवाजाच्या बरोब्बर उलटा पोचतो आणि दोघं एकमेकांना खातात. हिशेब सोपा आहे: ८७०० ला भिंतीच्या सेंटीमीटरमधल्या अंतराने भाग. ८७०० भागिले ९१ म्हणजे ९५ किंवा ९६ हर्ट्झ.

आता मागची भिंत. तुझ्या कानापासून तीही ९१ सेंटीमीटर. तोच भागाकार, तोच आकडा. एकाच सुरावर समोरून एक घाव आणि मागून दुसरा.

तिसरी गोष्ट खोलीच्या लांबीची. १२ फूट लांबीत, समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ये-जा करून, जी दुसरी उभी लाट बसते ती ९५ हर्ट्झचीच आहे, आणि तिचे मुके पट्टे लांबीच्या पाव आणि पाऊण भागावर येतात. १२ फुटांचा पाव म्हणजे ३ फूट. स्पीकर एका मुक्या पट्ट्यात, तू दुसऱ्यात. त्यामुळे तिथला सूर खोलीत नीट पेटतही नाही आणि जो पेटतो तो तुझ्यापर्यंत येत नाही. दारात येतो कारण दार भिंतीलगत आहे. भिंतीशी लाट नेहमी जोरात असते.

वऱ्हाडी_बास, तुमची दिशा बरोबर आहे, पण ९५ हर्ट्झला ती गादी पुरत नाही. कापूस किंवा कुठलीही सच्छिद्र वस्तू भिंतीलगत अशा सुराला नीट शोषायची तर जाडी लाटेच्या पाव लांबीच्या जवळपास लागते, म्हणजे इथे जवळजवळ ९० सेंटीमीटर. चार-पाच इंची गादी मधल्या-वरच्या सुरांना छान धरते, टाळीचा खणखणाट जाईल, डग्गा येणार नाही. आणि इक्वलायझरने तो सूर ८ डीबी वाढवला तर थेट आवाज ८ डीबीने वाढतो आणि भिंतीवरून येणाराही ८ डीबीनेच वाढतो. दोघं पुन्हा एकमेकांना खातात. फक्त वूफर जास्त हलतो, आणि दाराबाहेरच्या माणसाला तो सूर असह्य होतो.

वऱ्हाडी_बास

काका, मग मले काहून फरक वाटते? माझ्या खोलीत तर वाढवल्यावर बेस आला.

जुना_ध्वनिवाला

कारण तुमच्याकडे खड्डा अर्धवट असेल. ४-५ डीबीची सपाट दरी भरता येते. वर उठलेला सूर तर इक्वलायझरने हमखास खाली आणता येतो. पण १५-२० डीबीचा अरुंद खड्डा भरत नाही. आणि डोकं वीतभर हलवून बघा. खरा खड्डा असेल तर वाढवलेला सूर लगेच बदललेला ऐकू येईल.

महालचा_वाडा

माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या जुन्या वाड्यात माजघरात सबवूफरसकट होम थिएटर लावलंय. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी माळवद. तिथे असे सूर गायब होत नाहीत, कुठेही बसा. बेस थोडा कमी वाटतो एवढंच. ताईंनी सबवूफर घेतला तर प्रश्न सुटेल का?

जुना_ध्वनिवाला

तुमचं माळवद स्वतः थरथरतं आणि खालचे सूर थोडे पिऊन टाकतं, काही वरच्या खोलीत निघून जातात. म्हणून बेस कमी पण सारखा. स्लॅब आणि विटांची भिंत जवळजवळ सगळं परत फेकते. स्वराच्या खोलीत सबवूफर आणला तर तो साधारण ८० हर्ट्झपर्यंत वाजवेल, आणि खड्डा ९५ ला आहे. तिथे वाजणार मॉनिटरच. आधी जागा.

पुणेरी_कान

३८ टक्क्यांचा नियम आहे ना. कान समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर ठेवायचे, विषय संपला. १२ फुटांत साडेचार फूट. मी पुण्यात तसंच बसतो.

आणि बाजूच्या भिंतीही ३ फुटांवर आहेत, म्हणजे काकांच्या भागाकाराने त्याही ९५ लाच मारतात. तिहेरी घाव झाला.

जुना_ध्वनिवाला

बाजूच्या भिंतीला तो भागाकार लागत नाही. तो फक्त स्पीकरच्या मागच्या आणि ऐकणाऱ्याच्या मागच्या भिंतीला चालतो, कारण तिथे आवाज जवळजवळ सरळ जाऊन सरळ परत येतो. बाजूची भिंत, जमीन, छत यांच्यावरून आवाज तिरका येतो. तिथे दोरीने मोजावं लागतं. वूफरच्या मध्यापासून कानाच्या जागेपर्यंत सरळ दोरी, हे पहिलं माप. मग भिंतीवर आरसा सरकवायचा, खुर्चीतून त्यात वूफर दिसला की तिथे खूण करायची, आणि वूफरपासून खुणेवरून कानापर्यंत दोरी न्यायची. दोन मापांतला फरक सेंटीमीटरमध्ये घेऊन १७४५० ला त्याने भागायचं. स्वराच्या मांडणीत सरळ अंतर १९५ च्या आसपास येतं, बाजूच्या भिंतीवरून ३०५. फरक ११०, म्हणजे खड्डा १५८ च्या जवळ. ९५ शी त्याचा संबंध नाही.

३८ टक्के ही सुरुवात म्हणून चांगली जागा आहे. लांबीच्या मधोमध पहिल्या लाटेचा मुका पट्टा असतो, पावावर दुसऱ्या लाटेचा. या दोघांच्या मधली जागा साडेसदतीस टक्के. एवढाच तिचा अर्थ. ती फक्त लांबीच्या लाटांचं बोलते. स्पीकर कुठे आहेत, हे तिला माहीत नसतं. कान ३८ वर नेले आणि स्पीकर ३ फुटांवरच ठेवले तर समोरच्या भिंतीचा ९५ चा खड्डा तसाच राहील.

पुणेरी_कान

पण मोठ्या स्टुडिओंमध्ये स्पीकर भिंतीपासून लांबच असतात. भिंतीला चिकटवले तर बेस फुगणार.

जुना_ध्वनिवाला

मोठ्या खोलीत लांब म्हणजे इतकं लांब की खड्डा स्पीकरच्या कामाच्या खाली सरकेल. ४० हर्ट्झपर्यंत न्यायचा तर सव्वादोन मीटर लागतात. बारा फुटांच्या खोलीत तेवढं पुढे आणलं तर बसणार कुठे? मधे, म्हणजे एक ते सव्वा मीटरवर, खड्डा ७० ते ८७ मध्ये पडतो, बेसच्या ऐन मध्यावर. म्हणून लहान खोलीत उलट करायचं. स्पीकर जवळजवळ भिंतीला टेकवायचे, म्हणजे खड्डा वर पळतो. स्वरा, तुझ्या स्पीकरचा डबा किती खोल आहे?

स्वरा_त्रिमूर्तीनगर

काका, २५ सेंटीमीटर. मागे वायरसाठी पाच सोडले तर वूफरचा पडदा ३० वर येईल. ८७०० भागिले ३० म्हणजे २९०. मग तिथे खड्डा पडणार नाही का?

जुना_ध्वनिवाला

पडेल, पण उथळ. तिथपर्यंत डबा आवाज पुढच्या बाजूला जास्त फेकायला लागतो, मागे कमी जातो, त्यामुळे परत येणारा आवाज थेट आवाजाच्या बरोबरीचा नसतो. आणि २९० ला कापूस खरोखर कामाला येतो, तेव्हा वऱ्हाडी_बास यांची गादी इथे उपयोगी पडू शकते. बेस फुगेल हे पुणेरी_कान यांचं म्हणणं बरोबर आहे. भिंतीजवळ खालचे सूर वाढतात, ६ डीबीपर्यंत. पण ती वाढ सपाट असते. स्पीकरच्या मागे बेस कमी करायचं बटण असेल, ते उणे दोन किंवा चारवर घे. फुगलेलं दाबता येतं, खाल्लेलं भरता येत नाही.

पण आधी मला खात्री करून दे की खड्डा कोणाचा आहे. लॅपटॉपवर REW हे खोली मोजायचं सॉफ्टवेअर आहे का? मापनाचा माइक असेल तर उत्तम, नसेल तर जो आहे तो चालेल, कारण आपण एकाच माइकने दोन जागांची तुलना करतोय. माइक कानाच्या जागी, एका वेळी एकच स्पीकर, २० ते ३०० हर्ट्झची स्वीप, स्मूदिंग बंद. आधी माइक न हलवता फक्त स्पीकर मागे ने. मग स्पीकर तिथेच ठेवून फक्त माइक पुढे आण. स्पीकर हलवल्यावर खड्डा दुसऱ्या आकड्यावर सरकला तर तो स्पीकरच्या मागच्या भिंतीचा. जागच्या जागी राहून फक्त कमी-जास्त खोल झाला तर मागच्या भिंतीचा किंवा खोलीच्या लाटेचा. कूलर बंद ठेव, त्याची गुणगुण खालच्या सुरांतच येते.

नितीन_मनीषनगर

मे महिन्यात कूलर बंद करून बसायचं म्हणजे कठीण आहे. तापमानाने हा हिशेब बदलतो का?

जुना_ध्वनिवाला

बदलतो, थोडा. ८७०० हा आकडा ३० अंशांसाठी आहे, तेव्हा आवाज सेकंदाला ३४९ मीटर जातो. ४० अंशांना ३५५, जानेवारीतल्या १५ अंशांना ३४०. तोच ९५ चा खड्डा उन्हाळ्यात ९७ ला आणि थंडीत ९३ ला जाईल. मांडणी बदलण्याइतका तो फरक नाही.

स्वरा_त्रिमूर्तीनगर

रात्री कूलर बंद करून मोजलं. आकडे देते.

जुन्या मांडणीत ९६ ला खड्डा, आजूबाजूच्यापेक्षा जवळजवळ १८ डीबी खाली. मग माइक तिथेच ठेवून फक्त स्पीकर मागे नेले. खड्डा ९६ लाच राहिला, पण साधारण १० डीबीचा झाला आणि रुंदीही कमी झाली. नंतर माइक समोरच्या भिंतीपासून १४० सेंटीमीटरवर आणला, तेव्हा ९६ ला ३-४ डीबीची उतरण उरली. काळी तीन आणि सफेद पाच दोन्ही ऐकू येतात. कालचं एक भजन लावलं आणि डग्गा मीच इतका वाढवून ठेवलाय हे पहिल्यांदाच कळलं.

५५ च्या खाली सगळं फुगलं होतं. मागचं बटण उणे चारवर घेतल्यावर बसलं.

पण आता १४० च्या आसपास नवीन खड्डा आलाय, ८ डीबीचा. आधी तो नव्हता. टेबल भिंतीला लावलंय, वूफर जमिनीपासून १०० सेंटीमीटर, कान ११५ वर.

जुना_ध्वनिवाला

फार छान मोजलंस. स्पीकर मागे नेल्यावर खड्डा उथळ झाला म्हणजे समोरच्या भिंतीचा वाटा निघून गेला. आकडा तोच राहिला म्हणजे उरलेला मागच्या भिंतीचा आणि लांबीच्या लाटेचा होता, तो माइक हलवल्यावर गेला. मागची भिंत आता तुझ्यापासून २२६ सेंटीमीटर आहे, तिचा खड्डा ३८ हर्ट्झला. पाच इंची वूफर तिथे फारसा वाजतच नाही.

१४० साठी मला जमिनीवर संशय आहे. स्पीकरपासून कानापर्यंत सरळ १२६ यायला हवं, आणि जमिनीवरून टप्पा घेऊन २४९. फरक १२३. १७४५० भागिले १२३ म्हणजे १४२. तू स्पीकरच्या जवळ आलीस त्यामुळे हा खड्डा खाली सरकून नजरेत आला. आधी तो १८० च्या आसपास असणार.

पुणेरी_कान

काका, १२ फुटांची तिसरी लाट १४३ ला येते. तीच असेल. जमीन कशाला मधे आणता? मधे तर टेबल आहे, जमिनीवरून आवाज जाणार कसा?

जुना_ध्वनिवाला

आकडे जवळ आहेत हे खरं. पण तिसऱ्या लाटेचे मुके पट्टे लांबीच्या सहाव्या भागावर, मधोमध आणि मागून सहाव्या भागावर येतात. ३८ टक्क्यांवर ती लाट चांगलीच जोरात असते. ती असेल तर तिथे उंचवटा दिसायला हवा, खड्डा नाही. टेबलाचं म्हणाल तर १४० हर्ट्झची लाट अडीच मीटर लांब आहे. दोन फूट रुंद फळी तिला अडवत नाही, ती वळसा घालून जाते.

पण वाद घालण्यापेक्षा तपासून बघू. स्वरा, दोन्ही स्पीकर १५ सेंटीमीटर वर उचल. जमिनीचा खड्डा असेल तर तो १२७ च्या जवळ उतरेल. लांबीची लाट असेल तर जागचा हलणार नाही, कारण तिला उंचीशी देणंघेणं नाही.

वऱ्हाडी_बास

स्पीकरखाली दोन विटा आडव्या टाका ताई, बरोबर १५ च्या जवळ जाते. मधे जुनं चटईचं तुकडं टाका म्हणजे घसरत नाही.

स्वरा_त्रिमूर्तीनगर

विटाच टाकल्या, वऱ्हाडीदादा. उजव्या स्पीकरचा खड्डा १४० वरून १२८ ला आला, तेवढाच खोल. डाव्याचा मात्र दोन तुकड्यांत फुटला: १२९ ला एक आणि १४१ ला दुसरा, दोन्ही ५ डीबीच्या आतले. डाव्या बाजूला दार आहे आणि दारापलीकडे अडीच फूट खोल कोनाडा, त्यात लोखंडी कपाट.

पुणेरी_कान

म्हणजे उजवीकडे काका बरोबर. डावीकडचा १४१ वर अडकलेला तुकडा जमिनीचा नाही हे तर दिसतंय.

जुना_ध्वनिवाला

मान्य. तो कशाचा हे मी इथे बसून सांगू शकत नाही. दोन गोष्टी करून बघ. आधी दार पूर्ण उघडं आणि मग पूर्ण बंद ठेवून फक्त डाव्याची स्वीप घे. नंतर कपाटाचं दार घट्ट मिटून, त्यावर हात दाबून १४१ चा साधा सूर वाजव. पत्रा थरथरत असेल तर हाताला लागेल.

जमिनीच्या खड्ड्याचं सांगायचं तर तो जात नाही, फक्त सरकतो. वूफर वर नेला की खाली जातो, खाली आणला की वर. तुझ्या कामात १२८ पेक्षा १४० चा त्रास कमी वाटला तर विटा काढून टाक. डग्ग्याची मींड वाजवून तूच ठरव, कोणत्या मांडणीत ती सलग ऐकू येते.

महालचा_वाडा

काका, विषयाला धरूनच विचारतो. माझा सबवूफर कुठे ठेवायचा हे असंच मोजून काढता येईल का? माझ्याकडे लॅपटॉप नाही.

जुना_ध्वनिवाला

येईल, आणि मोजायचीही गरज नाही. सबवूफर उचलून तुमच्या बसायच्या जागेवर ठेवा, बेस सारखा चालणारं एखादं गाणं लावा, आणि भिंतीच्या कडेने खाली वाकून फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सबवूफर न्या. ऐकणारा आणि वाजणारा यांची अदलाबदल केली तरी खोली त्या दोन जागांमध्ये तशीच वागते.

स्वरा_त्रिमूर्तीनगर

दार बंद ठेवून डाव्याचा १४१ चा तुकडा ७ डीबीचा झाला, उघडं ठेवून ३ चा. कपाटाच्या पत्र्याला हाताला काहीच जाणवलं नाही. दार उघडं ठेवून मिक्स करणं घरात चालत नाही, कारण पलीकडे बाबा झोपतात. सध्या विटा काढल्या आहेत. मींड विटांशिवाय जास्त सलग वाटते, पण माझे कान त्या जागेला अजून सरावलेले नाहीत. कोनाड्यातलं कपाट रिकामं करून बाहेर काढता आलं तर पुन्हा मोजून इथेच आकडे टाकते.

वऱ्हाडी_बास

कपाट काढलं की त्या कोनाड्यात गादी उभी करून बघा ताई. अडीच फूट खोल आहे म्हणता, भिंतीपासून पुढे सोडून ठेवा, टेकवून नका ठेवू. काका, हे तरी बरोबर आहे ना?

जुना_ध्वनिवाला

अगदी बरोबर आहे. १४१ ची पाव लांबी ६२ सेंटीमीटर, आणि कोनाडा ७५ खोल. गादी कोनाड्याच्या तोंडाशी उभी केली तर हवा तिथे खरंच हलत असते, म्हणून ती काम करेल. स्वरा, आधी गादीशिवाय मोज, मग गादीसकट.